फोटो चारशे, तरी फोन भरलेला

फोन भरला की माणसं पहिला हात फोटोंवर टाकतात. हे चुकीचं आहे आणि ते थांबलं पाहिजे. नातवाच्या बारशाचे फोटो जातात, गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो जातो आणि एवढं करून सुटतात तीनशे-चारशे एमबी. दोन दिवसांत 'स्टोरेज फुल'ची पाटी पुन्हा दिसते, मग आणखी फोटो जातात. आपल्याकडे घराघरांत, विशेषतः साठीपुढच्या माणसांच्या फोनवर, हे नुकसान रोज होतंय. जागा खाणारा कोण, हे न बघता पुसायला बसल्यामुळे ते होतं.

आज बोलू अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपबद्दल. फोटो थोडे, ॲप मोजकी आणि तरी फोन गच्च, असा फोन हाती आला की मी आधी तिथेच बघतो आणि बहुतेकदा तिथेच सापडतं.

माझ्या आत्याचा फोन असाच हाती आला. ६४ जीबीचा. "अरे, मी फोटो काढतच नाही, चारशेसुद्धा नसतील. आणि ॲप म्हणजे तीच, तू टाकून दिलेली," ती म्हणाली. तिचं म्हणणं खरं होतं. गॅलरीत कॅमेऱ्याचे फोटो चारशेच्या आतच होते. पण सेटिंग्जमध्ये स्टोरेजचं पान उघडल्यावर हिशेब असा दिसला: सिस्टीम १६ जीबी, ॲप १४, व्हिडिओ १२, इमेजेस ६, ऑडिओ-डॉक्युमेंट्स-इतर मिळून १३ आणि ट्रॅश २. बेरीज ६३. वरचे अपूर्णांक धरले तर शिल्लक जेमतेम अर्धा जीबी. एवढ्यावर आलं की अँड्रॉइड इशारा देतं, नवं ॲप उतरत नाही आणि कॅमेराही अडतो.

आता हा हिशेब नीट वाचायला हवा. चारशे फोटोंचे ६ जीबी होत नाहीत. तिच्या कॅमेऱ्याचा एक फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे सगळे मिळून दीड जीबी. मग उरलेले साडेचार जीबी फोटो कुणाचे? आणि व्हिडिओ तर तिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके काढलेले, तिथे १२ जीबी कसे? ॲपच्या यादीत व्हॉट्सॲपच्या नावापुढे एक जीबीच्या आसपासचा आकडा होता. तो बघून कुणीही म्हणेल की व्हॉट्सॲपचा इथे काही संबंध नाही. इथेच बहुतेक जण फसतात. त्या नावापुढे ॲप आणि त्याचा खासगी डेटा दिसतो. ग्रुपवरून आलेले फोटो, व्हिडिओ, पीडीएफ बऱ्याच फोनांत त्या नावाखाली धरलेच जात नाहीत. ते इमेजेस, व्हिडिओ, इतर अशा रकान्यांत वाटले जातात. कोणता फोन काय कुठे धरतो हे कंपनीगणिक बदलतं. म्हणून सेटिंग्जच्या यादीवरून व्हॉट्सॲपला निर्दोष सोडू नका. व्हॉट्सॲपलाच विचारा.

विचारायची जागा त्याच्या आतच आहे. उजवीकडे वरचे तीन ठिपके, मग Settings, मग Storage and data, मग Manage storage. आत्याच्या फोनवर तिथे १४ जीबी निघाले. खाली चॅटची यादी येते, सर्वांत जास्त जागा खाणारं चॅट सर्वांत वर. पहिल्या क्रमांकावर सोसायटीचा ग्रुप होता, दुसऱ्यावर भजनी मंडळ, तिसऱ्यावर शाळेतल्या मैत्रिणी. घरच्यांचा ग्रुप पार खाली. ही उतरंड मी पुन्हापुन्हा बघतो. जीव जिथे असतो तिथला डेटा थोडा असतो, आणि जिथे आपण न वाचता अंगठा वर सरकवतो तिथला ढीगभर.

हे न मागता का उतरतं? व्हॉट्सॲपची मूळ मांडणीच तशी आहे. वायफाय असेल तेव्हा फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, कागदपत्रं सगळं आपोआप उतरवून घ्यायचं, मोबाइल डेटावर निदान फोटो. तुम्ही संदेश उघडला की नाही, बघितला की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. घरात मुलाने वायफाय घेतलं, आईचा फोन रात्रंदिवस त्याला जोडलेला, की सकाळची शुभेच्छाचित्रं, कीर्तनाचे व्हिडिओ, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची पीडीएफ, सारं थेट तिच्या फोनच्या पोटात. त्यात २०२२ पासून व्हॉट्सॲपवर एक फाइल २ जीबीपर्यंत पाठवता येते, आधी ही मर्यादा १०० एमबी होती. अख्खा चित्रपट डॉक्युमेंट म्हणून ग्रुपवर टाकणारे लोक आहेत. त्यांना माझं एकच सांगणं आहे: तुमची एक फाइल त्या ग्रुपातल्या कितीतरी फोनांत जागा अडवते, आणि त्यातले बरेच फोन ३२ किंवा ६४ जीबीचे असतात. लिंक पाठवा.

आणि गॅलरीत हे दिसत का नाही? एक कारण असं की अनेकांनी, किंवा त्यांच्या मुलांनी, Media visibility बंद केलेलं असतं. गॅलरीत ग्रुपची चित्रं नकोत म्हणून. हेतू चांगला, पण त्याने चित्रं फोनवर यायची थांबत नाहीत, फक्त गॅलरीला दिसायची थांबतात. दुसरं कारण याहून कमी माहितीचं. तुम्ही गॅलरीतला व्हिडिओ कुणाला पाठवता तेव्हा व्हॉट्सॲप त्याची स्वतःची एक प्रत करून ठेवतं. मूळ व्हिडिओ कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये, पाठवलेली प्रत Sent नावाच्या फोल्डरमध्ये. या Sent मध्ये .nomedia नावाची एक रिकामी फाइल असते, आणि ती दिसली की गॅलरी त्या फोल्डरकडे पाठ फिरवते. म्हणजे मूळ व्हिडिओ तुम्ही पुसला तरी प्रत तिथेच बसून राहते.

हे सगळं राहतं कुठे, तेही सांगतो, कारण जागा माहीत असली की भीती जाते. अँड्रॉइड ११ पासून पत्ता हा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

फोनमधल्या फाइल मॅनेजरने, नसेल तर Files by Google या ॲपने, इथपर्यंत जाता येतं. आत WhatsApp Images, WhatsApp Video, WhatsApp Documents असे फोल्डर दिसतील. फाइलच्या नावातच तारीख असते. VID-20230919-WA0014.mp4 हे नाव म्हणजे २०२३ च्या सप्टेंबरची १९ तारीख, त्या वर्षीची गणेश चतुर्थी. आत्याच्या फोनवर त्या एका दिवसाच्या आरत्यांचे, सजावटींचे, ढोलपथकांचे इतके व्हिडिओ होते की यादी सरकवताना अंगठा दुखला. तिने त्यातले बहुतेक कधी उघडलेच नव्हते.

पण साफसफाई फोल्डरमधून सुरू करू नका. सुरुवात Manage storage मधूनच करा, कारण तिथे कोणती फाइल कोणत्या चॅटमधली हे दिसतं. वर दोन कप्पे येतात: ५ एमबीहून मोठ्या फाइली आणि अनेकदा पुढे ढकललेल्या फाइली. पुढे ढकललेल्यांचा कप्पा डोळे मिटून नव्हे, पण फार विचार न करता रिकामा करता येतो. मोठ्या फाइलींचा मात्र एकेक बघून. आत्याच्या फोनवर याच कप्प्यात तिच्या नातीचा रांगतानाचा व्हिडिओ होता, परदेशातून आलेला. सगळं निवडून एका झटक्यात पुसलं असतं तर तोही गेला असता, आणि परत मिळाला नसता. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल फोनवरून गेली की नंतर ती पुन्हा उतरेलच याची खात्री नाही. त्यामुळे जे ठेवायचंय ते आधी ओटीजी पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर घ्या, तिथे उघडून बघा आणि मगच पुसा. आम्ही तसंच केलं. १४ पैकी १० जीबी सुटले. उरलेले ४ जीबी तिला हवे होते, आणि फोन तिचा आहे. काय ठेवायचं हे तिने ठरवायचं. मुलांनी आईवडिलांच्या फोनमधलं परस्पर पुसणं मला अजिबात मान्य नाही.

आता ती गोष्ट, जी मला फारशी कुणी सांगितलेली आठवत नाही. आत्याने वर्षभरापूर्वी दोन ग्रुप सोडले होते, चॅटही पुसलं होतं. तिला वाटत होतं की त्यांचं सगळं गेलं. चॅट साफ करताना व्हॉट्सॲप एक खूण विचारतं: या चॅटमध्ये आलेली मीडियाही फोनवरून पुसायची का? ती खूण नसेल तर संदेश जातात, फाइली राहतात. आणि चॅटच गेल्यामुळे Manage storage च्या यादीत त्या पुन्हा दिसत नाहीत. मालक नसलेल्या या फाइली आहेत. त्या शोधायला फोल्डरमध्येच उतरावं लागतं. WhatsApp Video उघडलं, आकारानुसार क्रम लावला आणि त्या सोडलेल्या ग्रुपांचे व्हिडिओ वरच निघाले, सुमारे ४ जीबी. इथे मात्र हात जपून. फोल्डरमधून पुसलेली फाइल चालू चॅटमधलीही असू शकते, तशी असेल तर त्या चॅटमध्ये तिच्या जागी नुसती धूसर चौकट उरते. म्हणून उघडून, बघून, मग पुसायची.

पुसलं, आणि आकडा हललाच नाही! आत्याने लगेच विचारलं, "मग एवढं कशाला केलंस?" कारण ट्रॅश. फाइल मॅनेजरमधून किंवा गॅलरीतून पुसलेली वस्तू लगेच जात नाही. अँड्रॉइड ११ पासून बऱ्याच फोनांत ती त्याच फोल्डरमध्ये नाव बदलून राहते. नावाच्या सुरुवातीला .trashed लागतं, मग एक लांब अंक, मग मूळ नाव. पहिल्या टिंबामुळे ती लपते. साधारण ३० दिवसांनी ती खरोखर जाते. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेली वस्तू ६० दिवस राहते, न झालेली ३०. ही सोय चांगली आहे, चुकून पुसलेलं परत मिळतं. पण फोन भरल्यावर घाईने पुसणाऱ्याला तिचा फटका बसतो: तो शंभर फोटो पुसतो, जागा सुटत नाही, म्हणून आणखी शंभर पुसतो. थांबा. आधी ट्रॅश उघडा. फाइल मॅनेजरचा वेगळा, गॅलरीचा वेगळा, गूगल फोटोजचा वेगळा. आत एकदा नजर टाका आणि रिकामा करा. आत्याच्या फोनवर आधीचे २ आणि आत्ता टाकलेले ४, असे ६ जीबी तिथे सुटले.

Media च्या शेजारी Databases नावाचा फोल्डर दिसेल. व्हॉट्सॲप रोज पहाटे गप्पांची एक प्रत फोनवरच काढून ठेवतं आणि मागच्या सात दिवसांपर्यंतच्या प्रती सांभाळतं. ज्यांच्या गप्पा दहा वर्षांच्या आहेत त्यांची एकेक प्रत काहीशे एमबीची होते. आत्याच्या फोनवर सगळ्या मिळून २ जीबीपेक्षा जास्त भरल्या. तारीख असलेल्या जुन्या फाइली, msgstore-2024-05-10.1.db.crypt14 अशा नावाच्या, पुसल्या तर चालतं. तारीख नसलेली msgstore.db.crypt14 ही ताजी प्रत, तिला हात लावू नका. पण ही सूट तात्पुरती आहे, आठवड्याभरात तेवढ्या प्रती पुन्हा जमतात. सिस्टीम अपडेटसाठी घाईने जागा हवी असेल तेव्हाच याचा उपयोग. म्हणून मी ती हिशेबात धरली नाही.

टेलिग्रामचा मामला सोपा. तिथे तुम्ही बघितलेलं सगळं फोनवर साठत जातं, पण मूळ त्यांच्या सर्व्हरवर असतं. Data and Storage मध्ये Storage Usage उघडून साठा साफ केला की फोन हलका होतो, आणि हवं ते पुन्हा उतरवता येतं. सीक्रेट चॅटना हे लागू नाही, ती सर्व्हरवर नसतात. मराठी पुस्तकांच्या आणि मालिकांच्या चॅनेलवर असणाऱ्यांनी हे पान जरूर बघावं. आत्याचे इथे ४ जीबी सुटले. तिथेच, किती दिवसांनी आपोआप साफ करायचं तेही ठरवता येतं. आम्ही एक आठवडा ठेवला.

सगळी बेरीज २० जीबी. कॅमेऱ्याचा एकही फोटो न पुसता.

आता, दोन गोष्टींबद्दल मला रागच आहे, आणि तो लिहिल्याशिवाय हे सदर संपवणार नाही.

पहिली, ती 'क्लीनर' ॲप. फोन भरलाय, व्हायरस आलाय, एका बटनात साफ करा, अशी पाटी वेब पानावर किंवा दुसऱ्या ॲपमध्ये लाल रंगात लुकलुकते, आणि घाबरलेली माणसं ती उतरवतात. अँड्रॉइडच्या सुरक्षिततेचं मूळ तत्त्वच असं आहे की एका ॲपला दुसऱ्याच्या खासगी कप्प्यात हात घालता येत नाही. त्यामुळे हे क्लीनर जे पुसू शकतात ते तुम्हालाही फाइल मॅनेजरमधून पुसता येतं. ॲपचा तात्पुरता साठा म्हणजे कॅशे, तो तर जागा कमी पडली की अँड्रॉइड स्वतःच कमी करतं. मग क्लीनर काय करतात? स्वतः जागा घेतात, जाहिराती दाखवतात आणि सगळ्या फाइलींची परवानगी मागतात. आत्याच्या फोनवर असं एक होतं. सर्वांत आधी ते काढलं. हाताने कॅशे साफ करायचा असेल तर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर Clear cache आहे. त्याच्या शेजारचं Clear storage किंवा Clear data मात्र वेगळं. व्हॉट्सॲपवर ते दाबलं तर लॉगिन आणि गप्पा दोन्ही जातात. दोन बटनं अशी शेजारी ठेवणं हे मला बेजबाबदार वाटतं.

दुसरी, डब्यावरचा आकडा. ६४ जीबी म्हणून विकलेल्या फोनात सिस्टीमच १६ जीबी घेऊन बसली असेल तर गिऱ्हाइकाला मिळाले ४८, आणि हे डब्यावर ठळक लिहिलेलं नसतं. ३२ जीबीच्या फोनात तर निम्माच उरतो. ही सिस्टीमची जागा तुम्हाला कमी करता येत नाही. शिवाय बऱ्याच फोनांत 'सिस्टीम'चा आकडा वजाबाकीने काढतात: एकूण वापरातून ओळखता आलेलं सारं वजा केलं की उरेल ते सिस्टीम. त्यामुळे तो कधी फुगलेला दिसतो, आणि फोन बंद करून चालू केला की दोन-तीन जीबीने उतरतो. साफसफाईनंतर आकडा बघायचा तो असा, फोन पुन्हा चालू करून.

एक गोंधळ मात्र आवर्जून सोडवायला हवा, कारण त्यात लोक नको ते पुसतात. 'स्टोरेज फुल' अशा सूचना दोन येतात. एक फोनची, दुसरी गूगल खात्याची. गूगलचे फुकट १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांना मिळून असतात, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा गूगल बॅकअपही त्यातच मोजला जातो. ते भरले की मेल यायचे थांबतात. फोनमधून २० जीबी काढले तरी ही दुसरी पाटी हलत नाही, आणि ड्राइव्ह रिकामं केलं तरी फोन हलका होत नाही. सूचना नीट वाचा, ती कुणाची आहे ते बघा. गूगल फोटोजमध्ये तर आणखी सावध. बॅकअप झालेला फोटो तिथे पुसला की फोनवरून आणि खात्यावरून, दोन्हीकडून जातो. फक्त फोनवरची प्रत काढायची असेल तर त्यासाठी तिथेच Free up space हे वेगळं बटन आहे. ते बॅकअप पूर्ण झालेल्या प्रतीच काढतं.

आणि शेवटी नळ बंद करणं. Storage and data मध्येच Media auto-download आहे. मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग, तिन्ही ठिकाणच्या खुणा काढून टाका. आता चित्र आधी धूसर दिसेल, हवं असेल तर दाबायचं, मगच उतरेल. आत्याने यावर नाराजी दाखवली. नातीचा व्हिडिओ बघायला एक जास्तीचा स्पर्श का, हा तिचा प्रश्न रास्त होता. म्हणून वायफायवर फक्त फोटोंची खूण परत ठेवली. व्हिडिओ आणि डॉक्युमेंट बंद ठेवले, कारण वजन त्यांचंच असतं. फोटो आपोआप येतात, व्हिडिओ ती निवडून उतरवते, आणि दर महिन्याच्या एक तारखेला, पेन्शनचा मेसेज बघितल्यावर, Manage storage उघडून वरची तीन चॅट स्वतः साफ करते.